हिंदी कारकचिन्हांचे स्वाध्याय आणि मराठी विभक्तिप्रत्यय : एक चिकित्सा

प्रस्तावना

महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत हिंदी व्याकरण शिकवताना 'उचित कारक-चिह्न लगाकर रिक्त स्थानों की पूर्ति कीजिए' या धर्तीचा स्वाध्याय सर्रास दिला जातो. वाक्यात एक जागा रिकामी असते, कंसात 'को, से, में, पर' असे पर्याय असतात आणि विद्यार्थ्याने त्यांतील एक निवडायचा असतो. तपासायला सोपा, गुण द्यायला सोयीचा आणि वरकरणी निर्विवाद असल्यामुळे हा स्वाध्याय व्याकरणाच्या मार्गदर्शिकांत, सराव पुस्तिकांत व चाचण्यांत टिकून राहिला आहे. परंतु मराठीभाषक विद्यार्थ्याकडून या स्वाध्यायात होणाऱ्या चुका बारकाईने पाहिल्यास त्यांतील बहुसंख्य चुका निष्काळजीपणाच्या नसून तर्कशुद्ध असतात, असे दिसून येते. विद्यार्थी आपल्या भाषेतील प्रत्यय मनाशी धरून हिंदीतील चिन्ह शोधतो. आणि दोन्ही भाषांची वाटणी निराळी असल्यामुळे फसतो. प्रस्तुत लेखात या स्वाध्यायाच्या रचनेची चिकित्सा केली असून तो नेमके काय तपासतो, काय झाकतो आणि त्याची फेररचना कशी करता येईल, याचा विचार केला आहे.

१. कारकांचा तक्ता आणि त्याची मर्यादा

हिंदीचे शालेय व्याकरण आठ कारके मानते व प्रत्येकापुढे त्याचे चिन्ह देते. कामताप्रसाद गुरु यांच्या 'हिंदी व्याकरण' (१९२०) या ग्रंथाने ही मांडणी रूढ केली. मराठीतही मोरो केशव दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरण' (१९११) पर्यंतची आणि नंतरची शालेय परंपरा संस्कृतच्या आठ विभक्तींचीच चौकट पुढे चालवते. दोन्ही भाषांनी एकाच चौकटीत आपापले प्रत्यय बसवल्यामुळे विद्यार्थ्यासमोर एक फसवे साम्य उभे राहते. मराठीत द्वितीया व चतुर्थीला 'स, ला, ते', हिंदीत कर्म व संप्रदानाला 'को'. मराठीत सप्तमीला 'त, ई, आ', हिंदीत अधिकरणाला 'में, पर'. यावरून 'ला म्हणजे को' आणि 'त म्हणजे में' हे समीकरण विद्यार्थी स्वतःच मांडतो. पुष्कळदा वर्गातही ते तसेच सांगितले जाते.

हे समीकरण पूर्णतः खोटे नाही. म्हणूनच ते धोक्याचे आहे. 'मुलाला बोलाव' याचे 'लड़के को बुलाओ' होते आणि 'पेटीत ठेव' याचे 'पेटी में रखो' होते. पहिल्या दहा वाक्यांत नियम खरा ठरला की विद्यार्थी त्यावर विसंबतो. पुढे क्रियापद बदलते तेव्हा नियम मोडतो; पण तो का मोडला, हे सांगण्यासाठी तक्त्यात जागा नसते. कारण परसर्गाची निवड हिंदीत पुष्कळ ठिकाणी कारकाच्या अर्थावरून नव्हे, तर त्या त्या क्रियापदाच्या संकेतावरून ठरते.

२. एक प्रातिनिधिक स्वाध्याय

ही गोष्ट स्पष्ट होण्यासाठी रूढ नमुन्यानुसार रचलेला पुढील स्वाध्याय पाहता येईल. तो कोणत्याही एका पुस्तकातून घेतलेला नाही. मात्र त्यातील वाक्ये या प्रकारच्या स्वाध्यायांत नेहमी आढळणाऱ्या साच्यांची आहेत. पर्याय : को, से, में, पर.

(१) अध्यापक ने छात्र ___ प्रश्न पूछा।
(२) अध्यापक ने छात्र ___ उत्तर बताया।
(३) सीता चाकू ___ फल काटती है।
(४) बच्चा कुत्ते ___ डरता है।
(५) माँ बच्चे ___ प्यार करती है।
(६) हम सोमवार ___ पुणे जाएँगे।
(७) पेड़ ___ फल लगे हैं।
(८) पिताजी घर ___ हैं।
(९) मोहन सोहन ___ लंबा है।
(१०) मुझे राम ___ विश्वास है।

केवळ मराठीच्या आधाराने हा स्वाध्याय सोडवणारा विद्यार्थी कसा विचार करील, ते पाहू. पहिल्या वाक्याचे मराठी 'विद्यार्थ्याला प्रश्न विचारला', म्हणून तो 'को' लिहील. बरोबर उत्तर 'से' आहे. दुसऱ्याचे 'विद्यार्थ्याला उत्तर सांगितले', म्हणून 'को'. हे बरोबर आहे. चौथ्यात 'कुत्र्याला घाबरते', म्हणून 'को', अपेक्षित 'से'. पाचव्यात 'मुलावर प्रेम करते', म्हणून 'पर', अपेक्षित 'से'. सहाव्यात 'सोमवारी' हे सप्तमीचे रूप आहे, म्हणून तक्त्याप्रमाणे 'में', अपेक्षित 'को'. सातव्यात 'झाडाला फळे लागली आहेत', म्हणून 'को'. हिंदीत 'पर' किंवा 'में'. आठव्यात 'घरी', म्हणून 'में'. उत्तरसूचीत बहुधा 'पर'. दहाव्यात 'रामावर विश्वास', म्हणून 'पर', हे बरोबर.

तिसरे व नववे वाक्य वेगळ्या कारणाने लक्षणीय आहे. 'चाकूने' आणि 'सोहनपेक्षा' यांतील 'ने' व 'पेक्षा' यांना दिलेल्या पर्यायांत सरळ जोड नाही. विद्यार्थी 'को, में, पर' हे न जुळणारे पर्याय बाजूला सारतो आणि उरलेला 'से' लिहितो. उत्तर बरोबर येते, पण ज्ञानामुळे नव्हे. याच विद्यार्थ्याला मोकळे वाक्य लिहायला सांगितले, तर तो 'सीता ने चाकू ने फल काटा' असे लिहिण्याचा मोठा संभव असतो. कारण मराठीत 'सीतेने' आणि 'चाकूने' यांचा प्रत्यय एकच आहे. हिंदीत मात्र 'ने' हे केवळ कर्त्याचे चिन्ह आहे, साधनाचे नाही. पर्यायांच्या कंसात 'ने' नसल्यामुळे मराठीभाषकाची एक ठळक चूक या स्वाध्यायात उमटतच नाही.

हिशेब असा की, दहांपैकी चार उत्तरे बरोबर, पाच चूक आणि एक वादग्रस्त. परंतु या चार गुणांतून शिक्षकाला काहीही समजत नाही. बरोबर आलेल्या चारांपैकी दोन वजाबाकीने आलेली आहेत आणि चुकलेली पाच एका जातीची नाहीत.

३. 'ला' चे दोन मार्ग

वरील स्वाध्यायातील पहिली व दुसरी वाक्ये शेजारी ठेवली की मूळ अडचण ध्यानात येते. मराठीत 'विचारणे' आणि 'सांगणे' या दोन्ही क्रियापदांना व्यक्तीच्या ठिकाणी 'ला' लागतो. हिंदीत 'पूछना' ला 'से' आणि 'बताना' ला 'को' लागतो. मराठीच्या एका प्रत्ययापासून हिंदीत दोन वाटा फुटतात आणि त्यांतील कोणती धरायची, हे मराठी सांगू शकत नाही.

येथे कारकाची व्याख्याही उपयोगी पडत नाही. 'छात्र' हे पूछने या क्रियेचे कर्म मानले, तर तक्त्याप्रमाणे 'को' यायला हवे. मराठीचा आधार न घेता व्याख्या पाठ करून उत्तर देणारा विद्यार्थीसुद्धा येथे चुकतो. संस्कृत व्याकरणाने 'विचारणे, मागणे, बोलणे' या अर्थाच्या धातूंचा द्विकर्मक म्हणून वेगळा विचार केला, तो याच कारणाने : अशा क्रियांतील व्यक्ती ही इतर कारकांच्या व्याख्यांत सरळ बसत नाही. संस्कृतने तिला द्वितीया दिली, मराठीने 'विचारणे' ला 'ला' व 'मागणे' ला बहुधा 'कडे' दिले आणि हिंदीने दोहोंना 'से' दिले. तिन्ही भाषांनी आपापला निर्णय घेतला आहे. हा निर्णय क्रियापदाबरोबर शिकावा लागतो. तो तर्काने काढता येत नाही.

याच गटात 'कहना' येते. 'मी आईला म्हणालो' किंवा 'आईला सांगितले' यासाठी प्रमाण हिंदीत 'मैंने माँ से कहा' असे म्हणतात. परंतु येथे आणखी एक सूक्ष्म भेद आहे. आज्ञा किंवा सूचना करावयाची असल्यास 'उसे जाने को कहा' अशी रचना हिंदीत मान्य आहे. 'कहना के साथ हमेशा से' असा नियम फळ्यावर लिहिला, तर तो विद्यार्थ्याला पुढे हिंदी गद्य वाचताना खोटा ठरलेला दिसेल. नियमाची मर्यादा नियमाबरोबरच सांगणे हेच श्रेयस्कर.

सर्वांत बोधप्रद उदाहरण 'मिलना' चे आहे. मराठीतील तीन वाक्ये घेऊ : 'मी काल सरांना भेटलो', 'सर मला रस्त्यात भेटले', 'मला बक्षीस मिळाले'. तिन्हींत 'ला/ना' आहे. हिंदीत यांची रूपे अनुक्रमे 'मैं कल सर से मिला', 'सर मुझे रास्ते में मिले' आणि 'मुझे इनाम मिला' अशी होतात. जाऊन, ठरवून भेट घेतली, तर भेटणारा कर्ता होतो व दुसऱ्याला 'से' लागतो. अनपेक्षितपणे कोणी भेटले किंवा काही हाती आले, तर जे मिळाले ते कर्तृस्थानी येते आणि ज्याला मिळाले त्याला 'को' लागतो. मराठी विद्यार्थी पहिल्या वाक्यासाठी 'मैं सर को मिला' असे लिहितो. मुंबईच्या बोलचालीच्या हिंदीत असे प्रयोग कानावर पडतात, त्यामुळे त्याला ते खटकतही नाही. परंतु प्रमाण हिंदीत या वाक्याचा अर्थ 'मी सरांना सापडलो' याच्या जवळ जातो. म्हणजेच येथे केवळ चिन्ह चुकत नाही, तर कोण कोणाला भेटायला गेले हा आशयच उलटतो. गाळलेल्या जागेच्या स्वाध्यायात 'मैं सर ___ मिला' असे एकच वाक्य देऊन 'को' ला शून्य गुण दिले जातात. भेद उमजण्यासाठी लागणारी तीन वाक्ये एकत्र क्वचितच दिली जातात.

'डरना' चे उदाहरण उलट दिशेने उपयुक्त आहे. पाणिनीने ज्याची भीती वाटते त्याला अपादान मानले आहे. हिंदीचा 'से' त्या परंपरेशी जुळतो. मराठीत 'कुत्र्याला घाबरणे' असा 'ला' रूढ असला, तरी 'वाघापासून दूर राहा, वाचवा' अशा प्रयोगांत 'पासून' आहेच. 'ज्याच्यापासून दूर सरायचे त्याला हिंदीत से' अशी जोडणी करून दिली, तर विद्यार्थ्याच्या ध्यानात राहते. 'प्यार करना' ला मात्र अशी कोणतीही युक्ती चालत नाही. मराठीत प्रेम कोणा'वर' असते, हिंदीत कोणा'से'. राग, विश्वास व दया मात्र दोन्हींकडे 'वर' व 'पर' यांच्याच अधीन आहेत. एकाच भावनेच्या प्रदेशात एक शब्द वेगळा वागतो, म्हणून तो स्वतंत्रपणे पाठ करावा लागतो.

४. 'ई' प्रत्यय आणि शून्याचा प्रश्न

मराठीतील सप्तमीच्या 'ई' प्रत्ययाला हिंदीत एकच प्रतिरूप नाही. 'सोमवारी' चे 'सोमवार को', 'संध्याकाळी' चे 'शाम को', 'रात्री' चे 'रात को' किंवा 'रात में', 'घरी' चे 'घर पर', 'घर में' किंवा नुसते 'घर' असे होते. आणि 'त्या दिवशी', 'पुढच्या महिन्यात', 'पाच वाजता' यांचे अनुक्रमे 'उस दिन', 'अगले महीने', 'पाँच बजे' असे चिन्हरहित रूप होते. यात काही व्यवस्था निश्चित आहे. वार आणि तारीख यांना 'को' लागतो : 'सोमवार को', '२६ जनवरी को'. महिना, ऋतू व वर्ष यांना 'में' लागतो : 'जनवरी में', 'गर्मियों में', '१९४७ में'. घड्याळाच्या वेळेला काहीच लागत नाही. हे तीन गट एकदा मांडून दिले की बहुतेक गोंधळ मिटतो. पण अधिकरणाला 'में, पर' एवढेच सांगणाऱ्या तक्त्यात 'सोमवार को' बसवायला जागा नाही.

चिन्हरहित रूपांचा प्रश्न अधिक गंभीर आहे. 'मी शाळेत जातो' यातील 'त' पाहून विद्यार्थी 'मैं स्कूल में जाता हूँ' लिहितो. गंतव्यस्थान सांगताना प्रमाण हिंदीत 'मैं स्कूल जाता हूँ' एवढेच पुरेसे असते. येथे चिन्ह नसले तरी विभक्तीचा भाव नाहीसा झालेला नाही, याचा पुरावा रूपांतच आहे. 'वह दिन' न म्हणता 'उस दिन' म्हणतात, 'अगला महीना' न म्हणता 'अगले महीने' म्हणतात. म्हणजे परसर्ग गळला असला तरी नामाचे व विशेषणाचे विकारी रूप मागे राहिले आहे. मराठीभाषकाला हे समजायला कठीण नाही, कारण सामान्यरूपाची कल्पना त्याला परिचित असते. 'त्या दिवशी' मधील 'त्या' आणि 'उस दिन' मधील 'उस' एकाच प्रकारचे आहेत, हे दाखवले की पुरते. परंतु गाळलेल्या जागेच्या स्वाध्यायात प्रत्येक रिकामी जागा भरायचीच असते. 'येथे काही लागत नाही' हा पर्याय कंसात कधीच नसतो. परिणामी, जेथे चिन्ह घालणे हीच चूक आहे, ती चूक हा स्वाध्याय तपासू शकत नाही. उलट, प्रत्येक नामामागे काहीतरी लावलेच पाहिजे, अशी सवय तो लावतो.

५. उत्तरसूचीचा दोष

आठव्या वाक्याला 'वादग्रस्त' म्हटले आहे, त्याचे कारण येथे पाहणे आवश्यक आहे. 'पिताजी घर पर हैं' आणि 'पिताजी घर में हैं' ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. पहिल्यात वडील बाहेरगावी अथवा कामावर नाहीत, हे सांगायचे असते. दुसऱ्यात ते अंगणात नसून घराच्या आत आहेत, हा भाव ठळक होतो. सातव्या वाक्यात 'पेड़ पर फल' व 'पेड़ में फल' हे दोन्ही प्रयोग चालतात. एका चिन्हाची उत्तरसूची हाती घेऊन तपासणारा शिक्षक 'में' ला चूक ठरवतो, तेव्हा विद्यार्थ्याचे शुद्ध वाक्य अशुद्ध ठरते. असे दोन-तीनदा झाले की विद्यार्थी भाषेचा कौल ऐकणे सोडून सूचीचा कौल पाठ करू लागतो.

'को' बाबत हाच दोष वेगळ्या रूपाने दिसतो. 'पेड़ ___ मत काटो' या वाक्यात 'को' अपेक्षित धरले जाते. वस्तुतः 'पेड़ मत काटो' हेही पूर्ण वाक्य आहे. सजीव, विशेषतः मानवी, कर्माला 'को' लागतो. निर्जीव कर्म सामान्य असल्यास ते चिन्हाशिवाय येते आणि विशिष्ट असल्यास विकल्पाने 'को' घेते. 'किताब पढ़ो' आणि 'इस किताब को पढ़ो' ही दोन्ही रूपे हिंदीत आहेत. मराठीत 'या पुस्तकाला वाच' असे म्हणत नाहीत. त्यामुळे मराठीभाषक येथे 'को' जास्त लावत नाही, कमी लावतो; आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असते. शिवाय 'को' लावल्याने क्रियापदही बदलते : 'मैंने वह चिट्ठी पढ़ी', पण 'मैंने उस चिट्ठी को पढ़ा'. केवळ रिकामी जागा भरणाऱ्याला हा परिणाम कधी दिसत नाही, कारण क्रियापद आधीच छापलेले असते.

६. फेररचनेची दिशा

वरील दोष दूर करण्यासाठी स्वाध्याय रद्द करण्याची गरज नाही. त्याची रचना चार ठिकाणी बदलली तरी पुष्कळ साधते. पहिले, वाक्ये कारकानुसार न निवडता क्रियापदांच्या जोड्यांनुसार निवडावीत : पूछना-बताना, मिलना (भेटणे)-मिलना (मिळणे), डरना-डराना. 'बच्चा कुत्ते से डरता है' आणि 'कुत्ता बच्चे को डराता है' ही वाक्ये शेजारी आली की क्रियापद बदलल्याने चिन्ह बदलते, हे न सांगता कळते. दुसरे, पर्यायांत 'ने' आणि 'काही नाही' यांचा समावेश करावा. शून्यासाठी गुणाकाराची फुली वापरता येईल. तिसरे, जेथे दोन उत्तरे शुद्ध आहेत, तेथे दोन्ही लिहायला सांगून अर्थातील फरक एका ओळीत विचारावा. चौथे, निदान पाच वाक्यांखाली त्यांचे मराठी रूपांतर लिहायला सांगावे.

चौथा बदल निदानासाठी विशेष उपयोगी आहे. विद्यार्थ्याने 'कुत्ते को डरता है' लिहिले आणि खाली 'कुत्र्याला घाबरते' असे लिहिले, तर चूक मातृभाषेच्या प्रभावाची आहे. तिच्यावर उपाय म्हणजे क्रियापदाचा संकेत शिकवणे. त्याने 'माँ बच्चे को प्यार करती है' लिहिले आणि खाली 'आई मुलावर प्रेम करते' असे लिहिले, तर 'को' मराठीतून आलेला नाही. तो कर्मकारकाच्या व्याख्येतून आलेला आहे. शिवाय असा प्रयोग हिंदीभाषकांच्या तोंडीही आढळतो, म्हणून येथे 'से' हे अधिक रूढ रूप म्हणून शिकवणे पुरे आहे. वरवर सारख्या दिसणाऱ्या दोन 'को' ची कारणे भिन्न असतात आणि त्यांवरील उपायही भिन्न असतात. लाल शाईची एकच फुली हा भेद दाखवू शकत नाही.

लेखनाच्या अंगानेही एक गोष्ट याच वेळी साधून घेता येईल. केंद्रीय हिंदी निदेशालयाच्या मानक वर्तनीनुसार नामापासून परसर्ग सुटा लिहितात आणि सर्वनामाला जोडून लिहितात : 'राम से', पण 'उससे'. सर्वनामापुढे दोन परसर्ग आल्यास पहिला जोडून व दुसरा सुटा : 'उनमें से'. मराठीत विभक्तिप्रत्यय सर्वत्र जोडूनच लिहिला जात असल्यामुळे 'घरमें', 'रामसे' असे लेखन होते. दहावे वाक्य 'मुझे उस ___ विश्वास है' असे छापले, तर स्वाध्याय स्वतःच 'उस पर' हे सुटे लेखन शिकवील. अशा जागा सर्वनामापुढे न ठेवणे किंवा पूर्ण रूप लिहून घेणे इष्ट.

निष्कर्ष

'को, से, में, पर' यांच्या रूढ स्वाध्यायात मराठीभाषक विद्यार्थ्याचे गुण जातात, ते प्रामुख्याने तीन ठिकाणी : मराठीचा एक 'ला' हिंदीत 'को' व 'से' यांत विभागला जातो तेथे, सप्तमीचा 'ई' हिंदीत 'को', 'पर' व शून्य यांत विखुरतो तेथे, आणि हिंदीत दोन रूपे शुद्ध असताना उत्तरसूची एकच मान्य करते तेथे. पहिल्या दोन ठिकाणी क्रियापद किंवा कालवाचक शब्दाचा गट शिकवणे हा उपाय आहे. तिसऱ्या ठिकाणी दोष विद्यार्थ्याचा नाही आणि म्हणून दुरुस्तीही त्याच्या वहीत नव्हे, तर प्रश्नपत्रिकेत व उत्तरसूचीत व्हावयास हवी. साधनवाचक 'ने' आणि गंतव्यापुढील अनावश्यक 'में' या चुका तर सध्याच्या रचनेत उमटतच नाहीत. त्या थेट निबंधात व पत्रलेखनात प्रकट होतात, तेव्हा त्यांचा उगम शोधण्याची वेळ बहुधा निघून गेलेली असते.